पोट नसलेला राक्षस

१६ फेब्रुवारी १९८० च्या दुपारी नौपाड्यातल्या आमच्या चाळीत सगळी दारंखिडक्या बंद होती. कर्नाटकात खग्रास सूर्यग्रहण होतं आणि ठाण्यात खंडग्रास, पण घास मोठा होता. आजीने पाण्याच्या हंड्यात, दुधात आणि लोणच्याच्या बरणीवर तुळशीची पानं ठेवली होती. बाहेरचं ऊन मळकं पिवळं झालं होतं, ते दाराच्या फटीतून आत पडलेल्या पट्ट्यावरूनही कळत होतं. गल्लीतून हाक आली, "दे दान, सुटे गिराण!" ते मागणं ठरावीक जातीच्या माणसांवर सोपवलेलं होतं, कारण राहू त्यांचा म्हणे. तेव्हा मला यात काही वावगं दिसलं नाही. आज ती हाक आठवली की आधी त्या माणसांच्या उन्हात पोळणाऱ्या पायांची आठवण येते. सगळं गाव घरात कोंडून बसलेलं असताना तेवढेच बाहेर होते आणि आकाशाखाली उघडे होते.

त्या दुपारी आजीने राहूची गोष्ट सांगितली. समुद्रमंथनातून अमृत निघालं, एक असुर देवांच्या पंगतीत चोरून बसला, सूर्य-चंद्राने त्याला ओळखलं आणि विष्णूने चक्र सोडलं. अमृत गळ्यापर्यंतच पोचलं होतं, म्हणून डोकं अमर झालं आणि धड गेलं. तेव्हापासून तो दोघांवर डूख धरून आहे.

मी विचारलं, "गिळलं तर मग परत येतो कसा?"

"येणारच की गं. तोंडातून आत आणि गळ्यातून बाहेर. त्याला पोट आहे कुठे?"

या उत्तराने माझं तेव्हा समाधान झालं. मात्र त्यात किती बारकाईने पाहिलेलं आकाश दडलंय ते समजायला मला पुढची चाळीस वर्षं लागली. मी खगोलशास्त्रज्ञ नाही. ऐरोलीत राहते, गच्चीवर जाते, दुर्बीण साधी हातातली आहे. ग्रहण गिळण्याच्या गोष्टी जगभर आहेत आणि आपण त्यांना सहसा अडाणीपणाच्या खात्यात टाकतो. मला ते मान्य नाही. गिळण्याची गोष्ट ही निरीक्षणाची नोंद आहे, आणि पुष्कळ ठिकाणी अचूक नोंद आहे. हे मी गच्चीवर उभं राहून ताडून पाहिलंय.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आपल्याकडचा सगळ्यात जुना ग्रहणाचा उल्लेख गिळण्याचा नाहीच. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलातल्या चाळिसाव्या सूक्तात स्वर्भानू नावाचा असुर सूर्याला अंधाराने वेधतो, भोसकतो. तिथे तोंड नाही, दात नाहीत, घास नाही. माणसं त्या अंधारात 'अक्षेत्रवित्' माणसासारखी गोंधळून पाहत राहिली, असं सूक्त म्हणतं. म्हणजे ज्याला शेताची, मुलखाची वाट माहीत नाही तसा माणूस. ऋषी अत्रींनी दडलेला सूर्य शोधून काढला, दुसऱ्या कुणाला ते जमलं नाही. कुणालाच पुढचं माहीत नव्हतं, ही त्या सूक्तातली भीती मला अगदी खरी वाटते. अंधाराने भोसकलेला सूर्य पुन्हा बरा होईल याची खात्री कुठे असते?

गिळण्याची गोष्ट त्यानंतरची आहे, आणि ती आधीच्या गोष्टीपेक्षा जास्त काही सांगते. गिळलेली वस्तू मोडत नाही, ती आत असते. घास एका कडेने सुरू होतो. त्याची कड गोल असते, चावलेल्या भाकरीसारखी. असं म्हणणाऱ्याने नुसता अंधार पाहिलेला नाही. अंधार कुठून आला, किती वाढला आणि कुठून गेला, हेही पाहिलंय.

आपल्या पंचांगात तर अजून सगळे शब्द तोंडाचेच आहेत. ग्रास, खग्रास, खंडग्रास. ग्रहण लागतं आणि सुटतं. स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन, मोक्ष हे पाच क्षण मिनिटांसकट छापलेले असतात. गणित पूर्णपणे सावलीचं आणि भाषा राक्षसाची. चिनी भाषेतही ग्रहणाच्या शब्दात 'खाणं'च आहे, आणि तिथे खाणारा आकाशातला कुत्रा. उत्तर युरोपच्या जुन्या कथांत दोन लांडगे, एक सूर्यामागे धावणारा आणि एक चंद्रामागे. बालीमध्ये तर आपलाच राहू 'काला राउ' होऊन चंद्र गिळतो, आणि तिथेही त्याला नुसतं डोकंच आहे. माया लोकांच्या, आज ड्रेस्डेनमध्ये असलेल्या ग्रंथात ग्रहणांचा एक तक्ता आहे. त्यात १७७ आणि १४८ दिवसांची अंतरं ओळीने लिहिलेली आहेत, ४०५ चांद्रमासांपर्यंत, आणि त्याच तक्त्यात सूर्याच्या चिन्हाकडे जबडा उघडलेला साप काढलाय. साप आणि आकडे एकाच हाताने एकाच पानावर काढलेले आहेत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्याला ग्रहण कधी येणार ते मोजता येत होतं, त्यालाही साप काढावासा वाटला.

आता आजीच्या गळ्याकडे येते.

३१ जानेवारी २०१८ ला चंद्र ग्रस्तोदित होता, म्हणजे उगवला तोच गिळलेला. ऐरोलीच्या पूर्वेला पारसिकची डोंगररांग आहे आणि चंद्र तिच्यावरून येतो. साडेसहाच्या आसपास चंद्रोदय होता, पण सात वाजले तरी दिसेचना. रोजची पौर्णिमा डोंगराच्या कडेवर उजळ थाळीसारखी येते, तशी ती आलीच नाही. दुर्बिणीने डोंगरावरच्या धुरकट पट्ट्यात शोधत राहिले तेव्हा एक तांबूस, जवळजवळ विटकरी गोळा सापडला. एकदा सापडल्यावर नुसत्या डोळ्यांनीही दिसू लागला. सात सदतीसला उन्मीलन होतं, म्हणजे पूर्ण झाकलेला चंद्र सावलीतून डोकावू लागण्याचा क्षण. मी दुर्बीण कठड्यावर टेकवून ठेवली. प्रकाश कुठून फुटतो ते मला पाहायचं होतं.

तो खालून फुटला. खालच्या कडेला, किंचित उजवीकडे, एक पांढरा ठिपका आला आणि त्याची रेघ झाली. पूर्वेला उगवणाऱ्या चंद्राची खालची कड म्हणजे त्याची पूर्वेकडची कड. चंद्र ताऱ्यांमधून रोज पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत असतो, म्हणून पृथ्वीच्या सावलीत तो पूर्वेची कड पुढे करून शिरतो आणि तीच कड आधी बाहेर काढतो. जी बाजू आधी आत गेली तीच आधी बाहेर आली.

तेव्हा मला आजी आठवली. राक्षसाने घास घेऊन थुंकून टाकला असता, तर शेवटी आत गेलेली कड आधी बाहेर आली असती. घास आल्या वाटेने परतला असता. तसं होत नाही. चंद्र एका बाजूने आत जातो आणि दुसऱ्या बाजूने निघतो. डोक्याला पुढे तोंड आणि मागे उघडा गळा असेल तर हुबेहूब हेच दिसेल. गोष्ट रचणाऱ्यांनी हा हिशोब करूनच गळा ठेवला, असा पुरावा माझ्याकडे नाही. हे माझं वाचन आहे. पण धड तोडून टाकणारी गोष्ट ग्रहणाच्या क्रमाशी जुळते आणि नुसत्या गिळणाऱ्या लांडग्याची जुळत नाही, एवढं मी खात्रीने सांगू शकते. लांडग्याच्या पोटात गेलेला चंद्र बाहेर कसा येतो, याचं वेगळं कारण द्यावं लागतं.

राहूची गोष्ट पहिल्यांदा अडखळते ती सूर्य आणि चंद्र शेजारी ठेवून पाहिल्यावर.

२५ ऑक्टोबर २०२२ ला, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी सूर्यग्रहण होतं. ऐरोलीहून पश्चिमेला खाडी, खाडीपलीकडे मुलुंड-भांडुप आणि त्यामागे येऊरचे डोंगर. सूर्य त्या डोंगराआड ग्रस्त अवस्थेतच मावळणार होता. ग्रहणाचा चष्मा एकच होता आणि गच्चीवर माणसं बरीच, म्हणून मी पुरणाची चाळणी वर नेली. पाण्याच्या टाकीच्या पांढऱ्या भिंतीपासून दोन हात अंतरावर ती धरली, की प्रत्येक भोकाचा एकेक सूर्य भिंतीवर पडतो. पावणेपाचच्या सुमाराला ते सगळे ठिपके गोलच होते. पाचनंतर प्रत्येकाला एकाच जागी खाच पडली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, सगळ्यांनाच उंदराने कुरतडलंय!" भिंतीवर खाच वरच्या बाजूने आत येत होती. भोकातून पडणारं चित्र उलटं असतं, म्हणजे खरा घास खालून लागला होता. चष्म्यातून पाहिलं तर तसंच, उजवीकडे खालून. पश्चिमेला मावळणाऱ्या सूर्याची खालची बाजू म्हणजे पश्चिमेची कड.

सूर्याला घास पश्चिमेकडून लागतो आणि चंद्राला पूर्वेकडून. नेहमीच. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेच्या राहुचार अध्यायात नेमकं हेच लिहून ठेवलंय. चंद्रग्रहणात चंद्र पृथ्वीच्या सावलीत शिरतो आणि सूर्यग्रहणात सूर्यावर, म्हणून चंद्राचा स्पर्श कधी पश्चिमेकडून होत नाही आणि सूर्याचा कधी पूर्वेकडून होत नाही. त्याच्याआधी, ४९९ साली, आर्यभटाने सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची मोठी सावली, हे एका ओळीत सांगितलं होतं. वराहमिहिराने त्याची साक्ष आकाशातून काढून दाखवली.

दुसरी साक्ष मला त्याहून आवडते, कारण ती स्वयंपाकघरात करून पाहता येते. अर्ध्या ग्रासलेल्या चंद्राची टोकं बोथट असतात आणि अर्ध्या ग्रासलेल्या सूर्याची टोकदार. वराहमिहिर त्यांना शिंगं म्हणतो, कुंठविषाण आणि तीक्ष्णविषाण. एक पुरी घ्या आणि तिच्यावर तेवढीच दुसरी पुरी अर्ध्यापर्यंत सरकवा. उघडी राहिलेली कोर अणकुचीदार दिसेल. आता दुसरी पुरी काढून परातीची कड अर्ध्यापर्यंत सरकवा. परात मोठी, तिची कड पुरीच्या मानाने जवळजवळ सरळ, म्हणून उरलेल्या भागाची टोकं जाड राहतात. सूर्याला झाकणारा सूर्याएवढाच दिसतो, कारण तो चंद्र आहे. चंद्राला झाकणारी सावली चंद्राच्या अडीचपटीहून थोडी जास्तच रुंद असते. २०१८ च्या त्या रात्री, पावणेआठ ते साडेआठ, मी शिंगं पाहत बसले होते, आणि ती खरोखरच बोथट होती. चाळणीतले सूर्य धूसर होते, पण चष्म्यातून दिसणाऱ्या खाचेची कोपरं मात्र नेमकी, अणकुचीदार होती.

म्हणजे तोंडं दोन आहेत. एक लहान, एक मोठं. एकच राहू दोघांना गिळतो, हे घासाच्या खुणेवरूनच खोटं ठरतं. दंतवैद्याने चाव्याच्या खुणा ताडून पाहाव्यात तसं हे आहे. पण हे कुणाला कळणार? ज्याने घास कुठून लागला, कसा दिसला हे वर्षानुवर्षं पाहून ठेवलं, त्यालाच. राक्षसाच्या गोष्टीनेच लोकांना घासाच्या कडेकडे पाहायला लावलं, आणि त्या कडेने राक्षसाला बाद केलं.

वराहमिहिराचा एक प्रश्न मी वारंवार वाचते. राहूची चाल अनियमित असेल तर तो गणिताने सापडतो कसा? आणि नियमित असेल, तर एका जागी असलेला राहू अर्ध्या आकाशापलीकडच्याला पकडतो कसा?

दुसऱ्या भागाचं उत्तर त्याच दिवाळीत मिळालं. २५ ऑक्टोबरचं सूर्यग्रहण पंचांगाच्या भाषेत केतुग्रस्त होतं, सूर्य तुळेत, स्वाती नक्षत्रात. बरोबर चौदा दिवसांनी, ८ नोव्हेंबरला, कार्तिकी पौर्णिमेला चंद्रग्रहण. ते राहुग्रस्त, चंद्र मेषेत, भरणी नक्षत्रात. तूळ आणि मेष समोरासमोरच्या राशी आहेत. पंधरवड्यात दोन घास, आणि दोन्ही आकाशाच्या विरुद्ध टोकांना. एका डोक्याला हे शक्य नाही.

याचं कारण असं, की सूर्याचा वार्षिक मार्ग आणि चंद्राचा मासिक मार्ग एका पातळीत नाहीत, त्यांच्यात पाचेक अंशांचा तिरकसपणा आहे. दोन तिरक्या कड्या एकमेकींत अडकवल्या की त्या दोन जागी छेदतात, आणि त्या जागा नेहमी समोरासमोर येतात. अमावास्या किंवा पौर्णिमा या छेदांच्या जवळ पडली तरच ग्रहण होतं, एरवी चंद्र वरून किंवा खालून निघून जातो. सूर्य एका छेदाजवळ असताना अमावास्येला सूर्यग्रहण झालं, तर पंधरा दिवसांनी पौर्णिमेचा चंद्र समोरच्या छेदाजवळ असतो. त्या दोन रिकाम्या जागांना आपण राहू आणि केतू म्हणतो. महाभारतातल्या गोष्टीत असुराचं धड जमिनीवर कोसळतं, पृथ्वी हादरते, आणि तिथे धडाचं काम संपतं. जुन्या ग्रंथांत केतू हा शब्द धूमकेतूंसाठी येतो. धडाला केतू म्हणून आकाशात समोरच्या बाजूला बसवलं गेलं ते पुढे. मला यात गोष्ट बिघडलेली दिसत नाही. आकाशाला दुसरं टोक लागत होतं, आणि गोष्टीत एक धड बिनकामाचं पडून होतं.

८ नोव्हेंबरला मी पुन्हा पूर्वेच्या कठड्याशी होते. चंद्रोदय सहाच्या सुमाराला आणि मोक्ष सहा एकोणीसला. मुंबईच्या क्षितिजावर तो थोडासा ग्रस्त उगवला असणार, पण आमच्याकडे पारसिक आडवा आला. चंद्र डोंगरावर दिसला तेव्हा पूर्ण गोल होता. डोंगराआडच सुटलं होतं. मला वाईट वाटलं, पण एक गोष्ट तेव्हा कळली. कुठल्याही एका गावाला सगळी ग्रहणं दिसत नाहीत. डोंगर आडवा येतो, ढग येतात, कधी तिकडे रात्र असते तेव्हा इकडे दिवस असतो. राहूची नियमित चाल एका माणसाच्या आयुष्यात सापडणारी नाही. कुणीतरी कुणालातरी सांगत राहिलं तरच ती हाती लागते, आणि सांगत राहायला गोष्ट लागते.

ती चालही विलक्षण आहे. राहू-केतू नेहमी वक्री असतात, हे पंचांग उघडणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. सूर्य पुढे चालतो आणि हे दोन छेद उलटे, वर्षाला सुमारे एकोणीस अंश, म्हणजे एका राशीला दीडेक वर्ष आणि पूर्ण फेरीला १८.६ वर्षं. समोरून चालत येणाऱ्या माणसाशी आपली गाठ लवकर पडते, तशी सूर्याची राहूशी गाठ वर्ष पुरं व्हायच्या आधी पडते, ३४६ दिवस आणि काही तासांनी. म्हणून ग्रहणांचा हंगाम दर वर्षी मागे सरकतो. २०२२ चं आमचं सूर्यग्रहण २५ ऑक्टोबरला होतं. पुढच्या वर्षी त्याच मोसमातलं १४ ऑक्टोबरला झालं, अमेरिकेत दिसलं, आपल्याकडे नाही. त्याच्या जोडीचं चंद्रग्रहण मात्र दिसलं, २८ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री. ती कोजागिरी होती.

सोसायटीत दुधाचा कार्यक्रम करायचा की नाही यावर आठवडाभर चर्चा चालली. वेध दुपारपासून लागणार होते, शेवटी दूध रद्द झालं. रात्री एकला आम्ही पाचसहाजणच वर गेलो. चंद्र माथ्याजवळून पश्चिमेला कलला होता, आकाश स्वच्छ होतं. एक पाचला स्पर्श झाला आणि पावणेदोनपर्यंत दक्षिणेच्या कडेवर एक लहानसा काळसर दाग तयार झाला, चंद्राच्या व्यासाचा आठवा हिस्सा जेमतेम. वरच्या मजल्यावरचा सातवीतला मुलगा म्हणाला, "काकू, एवढंच?"

मी त्याला सांगितलं, की गेल्या वर्षी चंद्र छेदाच्या बराच जवळ होता म्हणून पूर्ण गिळला गेला. या वेळी पौर्णिमा छेदापासून लांब पडली, चंद्र सावलीच्या उत्तरेकडून जातोय, म्हणून सावलीची नुसती कड त्याला खालून घासून चाललीय. अजून थोडा लांब असता तर काहीच दिसलं नसतं. त्याने दुर्बीण घेतली आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दाग सरकतोय. मघाशी इकडे होता, आता पश्चिमेला गेला." आम्ही पाळीपाळीने पाहिलं. खरंच सरकला होता.

दोन बावीसला मोक्ष. खालच्या मजल्यावरच्या आजी झोपल्या नव्हत्या. जिन्यात आमची चाहूल लागताच त्यांनी दार किलकिलं केलं.

"सुटलं का गं?"

"सुटलं आजी."

"कुठून सुटलं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी उत्तर देणार तेवढ्यात तो मुलगाच पुढे झाला आणि पालथ्या हातावर बोट ठेवून त्यांना दाखवू लागला. आजींनी गॅसवर दूध ठेवलं होतं, केशर घातलेलं, आणि पातेल्यावर तुळशीचं पान होतं.